अज्ञाते जास्त, समीकरणे कमी: शून्येतर उकल मिळतेच, ती का?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत रेषीय बीजगणितावर एक प्रश्न वारंवार येतो. समघाती रेषीय समीकरणे m आहेत, अज्ञाते n आहेत, आणि m < n आहे. सगळी अज्ञाते शून्य, ही उकल तर असतेच. तिच्याशिवाय दुसरी असते का?

"असते," हे सगळ्यांना येतं. मग पुढचा प्रश्न: का? यावर ठरलेलं उत्तर असं: मॅट्रिक्सची रँक m पेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून रँक-नलिटी प्रमेयानुसार नलिटी किमान n − m, म्हणजे शून्यापेक्षा मोठी. उत्तर बरोबर आहे. पण समोरचा परीक्षक जागा असेल तर तो तिसरा प्रश्न विचारतो: रँक-नलिटी प्रमेय मितीबद्दल बोलतं, आणि "मिती" या शब्दाला अर्थ तेव्हाच आहे जेव्हा एका सदिश अवकाशाच्या कुठल्याही दोन पायांमध्ये सदिशांची संख्या सारखीच असते. ते कशावरून?

इथे गाडी अडते. कारण हॉफमन आणि कुंझ यांच्यासारख्या बऱ्याच पुस्तकांत ही गोष्ट सिद्ध करताना वापरलेलं असतं ते आपलंच विधान: अज्ञाते जास्त असतील तर शून्येतर उकल असते. म्हणजे आपण छताला धरून पाया उभा करत होतो. म्हणून या लेखात रँक, मिती, नलिटी यांतलं काहीही न वापरता हे विधान सिद्ध करू, आणि मग त्याचा एक असा उपयोग बघू जिथे ही उकल "असते" एवढंच माहीत असणंही फार मोलाचं आहे.

आधी एक छोटं उदाहरण

दोन समीकरणं, तीन अज्ञातं घेऊ:

```
 x + 2y + 3z = 0
2x + 5y −  z = 0
```

पहिल्या समीकरणातून x = −2y − 3z. हे दुसऱ्यात घातलं की −4y − 6z + 5y − z = 0, म्हणजे y − 7z = 0. आता एक समीकरण आणि दोन अज्ञातं उरली. z ला आपल्याला हवी ती किंमत देता येते. z = 1 घेतलं की y = 7, आणि मागे जाऊन x = −14 − 3 = −17. ताळा करून बघा: −17 + 14 + 3 = 0 आणि −34 + 35 − 1 = 0.

यात काय घडलं ते नीट बघू. एक समीकरण खर्च झालं आणि त्याच्या बदल्यात एक अज्ञात गेलं. दोन्ही बाजूंनी एकेक कमी झाल्यामुळे फरक होता तसाच राहिला. शेवटी समीकरणं संपली तेव्हा एक अज्ञात मोकळं उरलं होतं आणि त्याला 1 ही किंमत द्यायला कुणाचीच आडकाठी नव्हती. सिद्धता म्हणजे हेच निरीक्षण, फक्त कुठेही फट न ठेवता लिहिलेलं.

सिद्धता

सहगुणक एखाद्या फील्डमधले आहेत असं धरू, म्हणजे शून्य सोडून कुठल्याही संख्येने भागता येतं: परिमेय, वास्तव, संमिश्र संख्या, किंवा फक्त 0 आणि 1 असलेलं दोन घटकांचं फील्ड. समीकरणांच्या संख्येवर, म्हणजे m वर, गणिती विगमन वापरू.

m = 1 असेल तर समीकरण एक आणि अज्ञातं किमान दोन. x₁ चा सहगुणक शून्य असेल तर x₁ = 1 आणि बाकी सगळी 0 घ्या; समीकरण पाळलं जातं. तो शून्य नसेल तर x₂ = 1 घ्या, x₃ पासून पुढची सगळी 0 ठेवा, आणि समीकरण जे सांगेल ते x₁ घ्या. x₂ = 1 असल्यामुळे ही उकल शून्य नाही.

आता m − 1 समीकरणांसाठी विधान खरं आहे असं मानू आणि m समीकरणं घेऊ. दोनच शक्यता आहेत.

पहिली शक्यता: x₁ चा सहगुणक प्रत्येक समीकरणात शून्य आहे. मग x₁ कुठेच दिसत नाही. x₁ = 1, बाकी सगळी 0. काम झालं.

दुसरी शक्यता: एखाद्या तरी समीकरणात x₁ चा सहगुणक शून्य नाही. त्या समीकरणातून x₁ ची किंमत बाकीच्या अज्ञातांत काढा आणि उरलेल्या m − 1 समीकरणांत घाला. आता m − 1 समीकरणं आणि n − 1 अज्ञातं आहेत, समीकरणं अजूनही समघातीच आहेत, आणि m < n असल्यामुळे m − 1 < n − 1. गृहीतकानुसार x₂, …, xₙ यांची एक शून्येतर उकल आहे. ती बाजूला ठेवलेल्या समीकरणात घालून x₁ काढा. सगळी समीकरणं पाळली गेली, आणि x₂ ते xₙ यांपैकी किमान एक शून्य नाही, म्हणून पूर्ण उकलही शून्य नाही. सिद्धता संपली.

पहिली शक्यता क्षुल्लक वाटते म्हणून विद्यार्थी ती लिहीत नाहीत, आणि गुण तिथेच जातात. "x₁ ची किंमत काढू" म्हणताना त्याच्या सहगुणकाने भागावं लागतं. तो सगळीकडे शून्य असेल तर भागणार कशाने?

दुसरा एक प्रश्न नेहमी येतो: किंमत घातल्यावर एखादं समीकरण 0 = 0 झालं, किंवा दोन समीकरणं एकसारखी निघाली तर? काहीच बिघडत नाही. समीकरण एक असतं तेव्हा ते *जास्तीत जास्त* एक अज्ञात अडकवतं. 0 = 0 झालेलं समीकरण एकही अडकवत नाही, म्हणजे मोकळीक आणखी वाढते. सिद्धतेत समीकरणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण कुठेच मानलेलं नाही.

कुठली अट कुठे वापरली

समघाती असणं दोनदा लागलं. पहिल्या शक्यतेत बाकी सगळी अज्ञातं 0 घेतली तेव्हा उजव्या बाजूला 0 असल्यामुळेच समीकरणं पाळली गेली. दुसऱ्या शक्यतेत किंमत घातल्यावरही समीकरणं समघाती राहिली, म्हणून गृहीतक लावता आलं. ही अट काढली की विधान कोसळतं: x + y + z = 1 आणि x + y + z = 2 यांत अज्ञातं तीन आणि समीकरणं दोनच आहेत, पण उकल एकही नाही.

भागाकार एकदा लागला. म्हणून पूर्णांकांवर ही सिद्धता थेट चालत नाही. पण सहगुणक पूर्णांक असतील तर आधी परिमेय संख्यांत उकल काढा आणि सगळे छेद गुणून टाका. शून्येतर पूर्णांक उकल मिळते. समघाती समीकरणाची उकल कुठल्याही संख्येने गुणली तरी ती उकलच राहते, म्हणून हे चालतं.

आणि विधान काय सांगत *नाही* हेही ध्यानात ठेवा. उकल धन असेल असं ते सांगत नाही: x + y = 0 ला एक समीकरण, दोन अज्ञातं आहेत, पण x आणि y दोन्ही धन असलेली उकल नाही. उत्तर धनच हवं असेल, उदाहरणार्थ अज्ञातं म्हणजे वस्तूंची संख्या असेल, तर नुसती मोजणी पुरत नाही.

आता पाया जागेवर बसवू

समजा v₁, …, vₘ हे m सदिश सगळ्या अवकाशाला जनित करतात, आणि w₁, …, wₙ हे त्याच अवकाशातले n सदिश आहेत, n > m. प्रत्येक wⱼ हा v चा रेषीय संयोग आहे: wⱼ = a₁ⱼv₁ + … + aₘⱼvₘ. आता x₁w₁ + … + xₙwₙ ही बेरीज शून्य करायची आहे. या बेरजेत vᵢ चा सहगुणक aᵢ₁x₁ + … + aᵢₙxₙ असा येतो. प्रत्येक vᵢ साठी तो शून्य असावा एवढंच मागू. ही m समघाती समीकरणं झाली, अज्ञातं n, आणि n > m. शून्येतर उकल आहे, म्हणून w रेषीय अवलंबी आहेत.

यावरून दोन पाये घेतले तर कुठल्याच पायात दुसऱ्यापेक्षा जास्त सदिश असू शकत नाहीत, म्हणजे दोन्ही संख्या सारख्या. मितीची व्याख्या इथे उभी राहिली, आणि रँक-नलिटी यानंतर येतं. मुलाखतीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

हमी कामाला येते तेव्हा: एका संख्येचे अवयव

आता या विधानाचा खरा जोर बघू. आपण सहगुणकांकडे न बघता, फक्त दोन संख्या मोजून, उकल आहे असं सांगू शकतो. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या पद्धती याच हमीवर चालतात.

कल्पना अशी. N ही विषम संख्या आहे आणि तिचे अवयव हवेत. समजा X² आणि Y² यांना N ने भागल्यावर सारखीच बाकी उरते, म्हणजे X² ≡ Y² (mod N). मग N ने (X − Y)(X + Y) ला भाग जातो. X ≡ Y किंवा X ≡ −Y नसेल, तर N ने यांपैकी एकाही कंसाला पूर्ण भाग जात नाही; म्हणजे N चे अवयव दोन कंसांत वाटले गेलेत. X − Y आणि N यांचा मसावि काढला की अवयव हातात.

असे X, Y शोधायचे कसे? N = 4033 घेऊ. त्याचं वर्गमूळ 63.5 च्या आसपास आहे. त्याच्या जवळच्या संख्यांचे वर्ग करून 4033 वजा करू, आणि ज्यांचे मूळ अवयव लहान निघतात त्या ठेवू:

```
62² − 4033 = −189 = (−1) · 3³ · 7
63² − 4033 =  −64 = (−1) · 2⁶
64² − 4033 =   63 = 3² · 7
65² − 4033 =  192 = 2⁶ · 3
```

यांतली एकही उजवी बाजू पूर्ण वर्ग नाही. पण काही ओळी एकमेकींशी गुणल्या तर गुणाकार पूर्ण वर्ग होऊ शकतो. पूर्ण वर्ग होण्याची अट सोपी आहे: −1 आणि प्रत्येक मूळ संख्या यांचा एकूण घात सम हवा. कुठली ओळ घ्यायची आणि कुठली नाही हे a, b, c, d या अज्ञातांनी दाखवू: घेतली तर 1, नाही तर 0. घात फक्त सम की विषम एवढंच महत्त्वाचं, म्हणून सगळा हिशेब 0 आणि 1 च्या फील्डमध्ये, जिथे 1 + 1 = 0.

```
−1 साठी:  a + b = 0
 3 साठी:  a + d = 0
 7 साठी:  a + c = 0
```

2 चा घात प्रत्येक ओळीत आधीच सम आहे, म्हणून त्याचं समीकरण 0 = 0 होतं आणि ते सोडून देता येतं. तीन समीकरणं, चार अज्ञातं. शून्येतर उकल असायलाच हवी, आणि आहे: a = b = c = d = 1. शून्य उकल इथे निरुपयोगी आहे, कारण तिचा अर्थ "एकही ओळ घेऊ नका" असा होतो. म्हणून "शून्येतर" हा शब्द या पद्धतीचा प्राण आहे.

चारही ओळी गुणू. उजवीकडे 2¹² · 3⁶ · 7², म्हणजे Y = 2⁶ · 3³ · 7 = 12096. डावीकडे X = 62 · 63 · 64 · 65. 4033 ने भागून बाक्या बघू: 62 · 65 = 4030 ≡ −3 आणि 63 · 64 = 4032 ≡ −1, म्हणून X ≡ 3. आणि 12096 = 3 · 4033 − 3, म्हणून Y ≡ −3.

अरेरे! X ≡ −Y. X − Y ≡ 6, आणि 6 व 4033 यांचा मसावि 1. अवयव मिळाला नाही.

इथे प्रमेय खोटं ठरलं का? नाही. प्रमेयाने शून्येतर उकलीची हमी दिली होती आणि ती पाळली. X आणि Y एकमेकांपासून खरोखर वेगळे असतील अशी हमी त्याने दिलीच नव्हती. N ला किमान दोन वेगवेगळे मूळ अवयव असतील तर ढोबळमानाने दर उकलीमागे यशाची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त धरतात. म्हणजे एका उकलीवर थांबायचं नाही. अनेक उकली हव्यात. त्या कशा मिळवायच्या हेही मोजणीच सांगते: आणखी ओळी जोडा. अज्ञातं समीकरणांपेक्षा n − m ने जास्त असतील तर किमान n − m रेषीय स्वतंत्र उकली मिळतात. (वरच्या सिद्धतेत शेवटी किती अज्ञातं मोकळी उरतात ते मोजा.)

पाचवी ओळ घेऊ:

```
70² − 4033 = 867 = 3 · 17²
```

17 ही नवीन मूळ संख्या आली, पण तिचाही घात सम आहे, त्यामुळे नवीन अट येत नाही. फक्त 3 चं समीकरण बदलून a + d + e = 0 होतं. आता तीन समीकरणं, पाच अज्ञातं; दोन स्वतंत्र उकली हव्यात. एक जुनीच आहे. दुसरी: a = b = c = 0 आणि d = e = 1, म्हणजे फक्त 65 आणि 70 च्या ओळी.

X = 65 · 70 = 4550 ≡ 517. Y² = 192 · 867 = 2⁶ · 3² · 17², म्हणून Y = 8 · 3 · 17 = 408. X − Y = 109. 109 आणि 4033 यांचा मसावि 109. आणि 4033 = 37 · 109.

दोन्ही उकलींची बेरीज केली की तिसरी मिळते: 62, 63, 64 आणि 70 च्या ओळी. तिथे X ≡ −307 आणि Y = 25704 ≡ 1506 येतं. फरक −1813, आणि 1813 = 7² · 37. मसावि 37. दुसऱ्या बाजूने तोच अवयव.

हेच मोठ्या प्रमाणावर

4033 चे अवयव हाताने भागूनही निघतात. पण 1977 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात आव्हान म्हणून दिलेली, आरएसए-129 या नावाने ओळखली जाणारी 129 अंकी संख्या 1994 मध्ये फुटली ती याच रचनेने. कार्ल पोमरन्स यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या क्वाड्रॅटिक सिव्हचं ते एक रूप होतं. त्यात सुमारे 5 लाख 24 हजार लहान मूळ संख्या घेतल्या होत्या; म्हणजे जवळपास तेवढीच समीकरणं. ओळी शोधण्याचं काम जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांच्या संगणकांवर काही महिने चाललं.

एवढे महिने गणन करायचं ते कुठे थांबवायचं? हा प्रश्न पैशाचा आणि वेळेचा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या छोट्या विधानात आहे. प्रत्येक नवीन ओळ म्हणजे एक अज्ञात. ओळींची संख्या समीकरणांच्या संख्येपुढे गेली की समीकरणांमध्ये काय सहगुणक आहेत हे न बघताही उकल आहे हे पक्कं. त्याआधी उकल सापडू शकते, जशी आपल्याला 65 आणि 70 मध्ये दोनच ओळींत सापडली, पण ते नशीब. मोजणी पार झाल्यावर नशीब लागत नाही. उकल प्रत्यक्ष *शोधणं* मात्र तेव्हाही उरतंच, आणि लाखो अज्ञातांसाठी ते मोठं काम असतं. सिद्धतेतली एकेक अज्ञात काढण्याची पद्धत मॅट्रिक्स आधी बारीक करूनच तिथे वापरावी लागते.

सरावासाठी: 4033 च्या उदाहरणात 73 ची ओळ काढा. 0 आणि 1 च्या फील्डमध्ये तिचा सदिश काय येतो? सिद्धतेतल्या दोन शक्यतांपैकी ती कुठल्या शक्यतेत बसते? आणि तिच्यातून कुठला अवयव मिळतो ते मसावि काढून तपासा.